गव्हावर गहू : वसईच्या चपातीमागचा शंभर वर्षांचा इतिहास

नालासोपाऱ्याच्या किंवा विरारच्या कोणत्याही जुन्या गल्लीत संध्याकाळी पिठाच्या गिरणीसमोर डब्यांची रांग दिसते. डबा ठेवणारी बाई जाताजाता गिरणीवाल्याला बजावते : "गव्हावर गहू टाका हं, ज्वारीवर नको." त्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात पाच किलोंच्या छापील पिशव्यांची थप्पी असते आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : "१०० टक्के आटा, ० टक्के मैदा". बाईचे वाक्य आणि पिशवीवरचे वाक्य एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पिठात नेमके काय आहे, याची खात्री कोणी द्यायची?

हा वाद साधारणपणे "परंपरा की आधुनिकता" अशा शब्दांत मांडला जातो. गिरणी म्हणजे आजीचा काळ आणि पिशवी म्हणजे आजचा, असा सोयीस्कर समज त्यामागे असतो. वसईच्या इतिहासाला मात्र ही मांडणी मानवत नाही. या भूमीत रोजची चपातीच मुळी नवी आहे, आणि आज परंपरेचे प्रतीक ठरलेली गिरणीही एके काळी परंपरा बुडवणारे यंत्र मानली गेली होती.

वसईचा पट्टा भाताचा. किनाऱ्यालगत भातशेती, मिठागरे, आणि पश्चिमेकडच्या गावांत केळी, विड्याची पाने, फुले व भाज्यांच्या वाड्या. आगाशीकडची सुकेळी प्रसिद्ध आहेत; वसईचा गहू असे कोणी कधी ऐकलेले नाही. गव्हाला दाणा भरण्याच्या काळात कोरडी थंडी लागते आणि समुद्राकाठच्या उबदार, दमट हवेत ती मिळत नाही. त्यामुळे वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी अशा इथल्या समाजांच्या रोजच्या जेवणात भात आणि तांदळाची भाकरी असे, डोंगराकडच्या पाड्यांवर नाचणी. गहू बाहेरून येई आणि सणाला शिजे : होळीची पुरणपोळी, एखादा शिरा, लापशी.

गव्हाचा एक उपयोग मात्र येथे साडेचारशे वर्षांहून जुना आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांच्या विजयापर्यंत, त्यांच्याकडे राहिली. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे मिस्साविधीतली भाकर गव्हाचीच असावी लागते. तांदळाची चालत नाही. म्हणजे घरोघरी तांदळाची भाकरी भाजणाऱ्या या मुलखात देवळात मात्र गव्हाचे पीठ अनिवार्य होते. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आला. तरी पाव बाजारात मिळत राहिला आणि भाकरी चुलीवर होत राहिली. सोळाव्या शतकातल्या त्या गव्हाने रोजचे ताट बदलले नाही.

ताट बदलले ते विसाव्या शतकात, आणि त्याचे एक मोठे कारण ब्रह्मदेशात घडले. मुंबई आणि कोकणचा किनारा स्वतःच्या भातावर पूर्ण भागत नसे; ब्रह्मदेशाचा तांदूळ जहाजांनी येत असे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ही आवक थांबली. २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. भात खाणाऱ्या कुटुंबांच्या हाती तांदळाबरोबर गहूही ठेवला जाऊ लागला. आवडीचा प्रश्न नव्हता. शिधापत्रिकेवर जे मिळेल ते शिजवायचे होते. ज्या घरांत हाताने थापून भाकरी होई, त्या घरांत लाटणे आणि पोळपाट रोजच्या कामाला लागण्यामागे ही टंचाई आहे.

स्वातंत्र्यानंतरही टंचाई संपली नाही. १९५६ पासून अमेरिकेच्या 'पीएल-४८०' कायद्याखालील गहू भारतात येऊ लागला, आणि १९६५ व १९६६ च्या लागोपाठच्या दुष्काळांत त्याचे प्रमाण फार वाढले. त्याच सुमारास मेक्सिकोतून बुटक्या जातींचे बियाणे आणले गेले. उत्पन्न भरघोस होते, पण दाणा लाल होता आणि चपाती खाणाऱ्यांना तो रुचेना. म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी त्या वाणांतून सोनेरी पिवळ्या दाण्याचे वाण निवडून काढले. 'कल्याण सोना' आणि 'सोनालिका' ही त्यांतली दोन गाजलेली नावे. चपातीच्या रंगासाठी शास्त्रज्ञांनी केलेला हा खटाटोप हरितक्रांतीच्या पाठ्यपुस्तकी वर्णनांत बहुधा दोन ओळींत संपतो. वास्तविक, तो रंग साधला नसता तर ते वाण शेतातून स्वयंपाकघरात पोहोचले असते की नाही याची शंकाच आहे.

वसईच्या किराणा दुकानात आजही सर्वाधिक ऐकू येणारे गव्हाचे नाव याच वंशातले आहे. 'लोकवन' हे नाव ऐकून ते एखाद्या वनाचे किंवा गावाचे असावे असे वाटते. प्रत्यक्षात तो 'लोक-१' आहे. सौराष्ट्रातील सणोसरा येथील 'लोकभारती' या ग्रामविद्यापीठात झवेरभाई पटेल यांनी हा वाण तयार केला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. संस्थेच्या नावातले 'लोक' आणि इंग्रजीतला 'वन' म्हणजे एक, यांचा बाजारात जोड होऊन 'लोकवन' झाले. त्याच्या जनकांपैकी एक वाण सोनालिका. म्हणजे "आमच्याकडे पहिल्यापासून लोकवनच" असे सांगणाऱ्या घरातला 'पहिल्यापासून' हा शब्द फार तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आहे, आणि त्या दाण्याची एक आजी मेक्सिकोची आहे.

धान्य असे बदलत असताना दळणेही बदलले.

घरचे जाते हे त्या अर्थाने खरे परंपरागत साधन. दोन दगडी तळ्या, मधला खुंटा, पहाटेचा अंधार आणि दळणाऱ्या बायका. जात्यावरच्या ओव्यांना मराठी वाङ्‌मयात मोठे स्थान आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून उभ्या केलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. पण ओव्या सुंदर आहेत म्हणून दळण सुंदर होते असे मानणे ही शहरी वाचकाची चूक ठरेल. त्या ओव्यांत माहेरची आठवण जितकी आहे तितकाच सासरचा आणि कष्टाचा सलही आहे. जाते गेले तेव्हा दळणाऱ्या बाईला पहाटेची झोप मिळाली, हे इतिहासात नोंदवण्याजोगे आहे.

तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणारी गिरणी आली तेव्हा तिचे सर्वत्र स्वागत झाले नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे केंद्र वर्ध्याचे मगनवाडी. गांधीजींनी आणि संघाने हातसडीचा तांदूळ व हाताने दळलेले पीठ यांचा पुरस्कार केला. गिरणीच्या पिठाविरुद्धचे त्यांचे आक्षेप दोन होते : गावाचा रोजगार जातो आणि अन्नाचा कस जातो. आज गिरणीच्या बाजूने आणि पिशवीच्या विरोधात हेच दोन आक्षेप जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येतात. आरोपी बदलला, आरोपपत्र तेच राहिले.

वसई-विरारमध्ये गिरण्यांची दाटी झाली ती लोकवस्तीच्या लाटेबरोबर. १८६० च्या दशकापासून विरार रेल्वेने मुंबईशी जोडलेले होते, तरी शतकभर हा भाग वाड्यांचा आणि गावांचाच राहिला. जानेवारी १९८२ मध्ये कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरणगावातून उठलेली, आणि मुंबईत घर न परवडणारी, असंख्य कुटुंबे नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूरकडे सरकली. घाटावरून, विदर्भ-मराठवाड्यातून, गुजरात आणि उत्तर भारतातून माणसे आली. २००९ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे १२ लाख भरली. तांदळाच्या भाकरीचा मुलूख दोन पिढ्यांत चपातीचे शहर झाला. कापडाच्या गिरणीतून सुटलेल्या माणसाच्या घरचा डबा आता पिठाच्या गिरणीसमोर उभा होता.

या गिरणीत प्रत्यक्ष काय घडते, ते एकदा नीट पाहावे, कारण वादाचे निम्मे उत्तर तिथे आहे. एक दगड स्थिर, दुसरा फिरता. दोन्हींच्या तोंडावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या खाचा. वरच्या नळ्यातून दाणा मध्यात पडतो, फुटतो, बारीक होत कडेला येतो आणि कापडी पिशवीतून डब्यात उतरतो. कोंडा, अंकुर आणि पिठूळ गर यांपैकी काहीही वेगळे होत नाही. मैद्याच्या कारखान्यात मात्र लोखंडी रुळांच्या जोड्यांमधून दाणा टप्प्याटप्प्याने फोडतात आणि चाळत कोंडा व अंकुर बाजूला काढतात. दोहोंत मूलभूत फरक हाच.

दगडांतले अंतर गिरणीवाला हाताने ठरवतो. ते फार कमी झाले की पीठ तापते, करपल्याचा वास येतो आणि चपाती कडक होते. खाचा झिजल्या की दाणा कापला जाण्याऐवजी चिरडला जातो. मग दगडाला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने खाचा पुन्हा कोरायच्या. टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाची कच येते. जाणता गिरणीवाला आधी थोडा कोंडा किंवा निकृष्ट धान्य दळून टाकतो. घाईतला गिरणीवाला पहिल्या गिऱ्हाइकाचा डबा घेतो. घासात कचकच लागली तर कारण बहुधा एवढेच असते.

आता "गव्हावर गहू" या वाक्याचा अर्थ उलगडतो. दळण संपले तरी दगडांच्या खाचांत आणि कापडी पिशवीत आधीच्या धान्याचे थोडे पीठ राहतेच. ज्वारीनंतर गहू टाकला तर डब्यात प्रथम ज्वारी उतरते. चणाडाळीनंतर टाकला तर बेसन. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसल्याने चपाती लाटताना कडा फाटतात. उपवासाच्या राजगिऱ्यात गहू मिसळला तर प्रश्न चवीपलीकडचा असतो, आणि ज्याला गहूच सोसत नाही त्याच्या बाबतीत तो प्रकृतीचा होतो. गिरणीतले पीठ शुद्ध असते हे विधान म्हणून अर्धेच खरे आहे. ते आपल्या डोळ्यांदेखत दळलेले असते, इतकेच निश्चित.

पिशवीतल्या पिठाची कथा अलीकडची आहे. १९९० च्या दशकात मोठ्या कंपन्या या व्यवसायात उतरल्या, आणि २००२ मध्ये आयटीसीने 'आशीर्वाद' आटा बाजारात आणल्यावर त्याला खरा वेग आला. या पिठाबद्दलचा सर्वात मोठा गैरसमज म्हणजे ते मैद्यासारखे रुळांवरच दळलेले असते. अनेक कारखान्यांत दगडी चक्क्याच असतात, फक्त आकाराने मोठ्या आणि ओळीने मांडलेल्या. त्या घट्ट लावल्या की गव्हातल्या पिष्टाचे कण अधिक मोडतात. असे मोडलेले कण जास्त पाणी धरतात, कणीक सैल व मऊ होते आणि चपाती डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. विरारहून सकाळी साडेसहाची लोकल पकडणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण क्षुल्लक नाही. पिशवीतल्या पिठाची चपाती मऊ राहते यामागे काही घातक रसायनच असले पाहिजे, असा निष्कर्ष काढण्याची घाई म्हणूनच करू नये.

अशी घाई एकदा देशभर झाली होती. २०१७-१८ च्या सुमारास समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरल्या : कणकेचा गोळा पाण्याखाली धुवायचा, शेवटी हातात रबरासारखा लगदा उरतो आणि तो 'प्लास्टिक' म्हणून दाखवायचा. तो लगदा म्हणजे गव्हातले नैसर्गिक प्रथिन, ग्लुटेन. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार आट्यात ते किमान ६ टक्के असावेच लागते. गिरणीतून आणलेल्या लोकवनाची कणीक धुतली तरी हाच लगदा उरतो. ज्यांनी दोन्ही गोळे शेजारी शेजारी धुऊन पाहिले त्यांचा गैरसमज दहा मिनिटांत दूर झाला असेल. पण त्या चित्रफितींत दुसरा गोळा कधी दिसला नाही.

मग खरा फरक कोठे आहे? तो काळात आहे. गव्हाच्या अंकुरात तेल असते. दाणा अखंड असेपर्यंत ते सुरक्षित राहते. दळले की हवेशी व पिठातल्या विकरांशी त्याचा संबंध येतो आणि ते हळूहळू खवट होऊ लागते. मानकांत आट्यासाठी 'अल्कोहोलिक आम्लता' नावाची मर्यादा आहे, ०.१८ टक्के. पीठ किती शिळे झाले हे मोजण्याचीच ती रीत. स्वयंपाकघरात तेच काम नाक करते : ताज्या पिठाला गोडसर वास असतो, जुने पीठ जिभेवर ठेवले तर कडवट लागते.

चौघांचे एक कुटुंब घ्यावे. प्रत्येकी दिवसाला सहा चपात्या आणि एका चपातीला सुमारे २५ ग्रॅम पीठ धरले, तर दिवसाला ६०० ग्रॅम लागते. पाच किलो पीठ आठ दिवस पुरते, मग ते डब्यातले असो की पिशवीतले. पण गिरणीचे पीठ पहिल्या दिवशी तासाभराचे असते आणि संपताना आठवड्याचे. पिशवीतले पीठ उघडतानाच काही आठवड्यांचे असू शकते. तिच्यावर वापरासाठी साधारण तीन महिन्यांची मुदत छापलेली असते. म्हणून पिशवी घेताना किमतीच्या आधी पॅकिंगची तारीख वाचावी.

पावसाळ्यात हे गणित थोडे फिरते. वसईच्या दमट हवेत डब्यातला गहू ओल धरतो. असा गहू दळला तर पीठ दगडाला चिकटते, जाडसर व गोळाबंद उतरते आणि लवकर आंबूस होते. मुठीत दाबून पाहिले की कळते : कोरडे पीठ मूठ उघडताच सुटते, ओलसर पिठाचा आकार तसाच राहतो. गिरणीतून आलेले गरम पीठ तसेच झाकून ठेवले तर झाकणाखाली वाफ धरते, त्यातून गुठळ्या आणि बुरशी. ते परातीत पसरून निववणे हा जुन्या घरांतला नियम आहे आणि तो अगदी बरोबर आहे. मोहरबंद पिशवी आषाढ-श्रावणात याच कारणाने वरचढ ठरते. १० जुलै २०१८ च्या सुमारास वसई-विरार पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या आणि वीज गेली, तेव्हा विजेवरची गिरणी चालणे शक्यच नव्हते.

पूर्वी ही अडचण दुसऱ्या रीतीने सोडवत. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायचा, कडक उन्हात वाळवायचा, दाण्यांना एरंडेल चोळायचे, कडुनिंबाचा पाला घालून कोठी बंद करायची आणि आठवड्यापुरते दळण काढायचे. यासाठी तीन गोष्टी लागतात : एकरकमी पैसा, अंगण आणि कोठीला जागा. नालासोपाऱ्यातल्या एका खोलीच्या घरात तिन्ही नाहीत. पिशवीचा प्रसार जाहिरातीने झाला असे म्हणतात. त्यात घराच्या क्षेत्रफळाचा वाटाही मोठा आहे. शिवाय दोघेही नोकरीवर जाणाऱ्या घरात गहू निवडणार कोण आणि डबा आणणार कोण, हाही प्रश्न असतो. 'घरघंटी' नावाचे घरगुती यंत्र त्यावरचे तिसरे उत्तर म्हणून आले. तिच्यात बहुधा दगड नसतो. फिरत्या पात्यांनी दाणा फोडून जाळीतून काढतात, त्यामुळे पीठ किंचित रवाळ राहते आणि कणीक कमी पाणी घेते.

कायद्यानेही या दोन पिठांत एक रेषा ओढली. १ जुलै २०१७ पासून नोंदणीकृत ब्रँडच्या आट्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागला, सुटा आटा करमुक्त राहिला. १८ जुलै २०२२ पासून निकष ब्रँडचा न राहता वेष्टनाचा झाला : आधीच बांधून लेबल लावलेला, २५ किलोपर्यंतचा आटा करपात्र. स्वतःचा गहू नेऊन दळून आणणाऱ्याच्या बाबतीत मात्र आट्याची विक्री होतच नाही. गहू त्याचा, पीठही त्याचेच. गिरणीवाल्याला मिळते ती दळणावळ.

आणि गहू त्याचा असल्यामुळेच तो आधी कोणीतरी पाहिलेला असतो. सुपात घेऊन पाखडलेला, खडे वेचलेला, दाताखाली फोडलेला, लोकवन की शरबती हे दुकानदाराशी वाद घालून ठरवलेला. पिशवीत कोणत्या वाणाचा गहू आहे हे घेणाऱ्याला बहुधा कळत नाही. कारखाना निरनिराळ्या प्रांतांचे गहू मिसळून चव वर्षभर सारखी ठेवतो. जात्याने बाईचे हात अडकवले होते, गिरणीने ते सोडवले. पिशवीने तिचे डोळेही मोकळे केले. वसईतल्या सामवेदी घरांत आजही सणाला तांदळाच्या पिठाची तयारी होते तेव्हा तांदूळ आधी सुपात येतो. गव्हाच्या बाबतीत ती सवय इथे एका पिढीत लागली आणि पुढच्या पिढीत सुटू लागली आहे. गिरणीसमोरच्या रांगेत उभी असलेली बाई डब्याचे झाकण उघडून मूठभर दाणे हातावर घेते, फुंकर मारते, एक काळा खडा बाजूला टाकते आणि डबा पुढे सरकवते.